पेटीवरची चिठ्ठी आणि राखाडी केळी

रावेर-यावल पट्ट्यातली केळी आम्ही दुकानदारांना पुरवतो. नव्या मुलांची भरती झाली की आमचे पुरवठा व्यवस्थापक पहिल्याच दिवशी त्यांना बागेपासून दुकानापर्यंतचा प्रवास सांगतात. यंदाचं त्यांचं बोलणं ग्राहकांसाठी इथे छापत आहोत.

"पोरांनो, घड हिरवाच कापायचा. फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, म्हणजे चीक निघतो. मग 13 किलोची पेटी भरून तिच्यावर चिठ्ठी लावायची: बाग कोणती, कापणी कधीची. पुढे रायपनिंग चेंबर. तिथे एक दिवस इथिलीन वायू देतो, मग दार उघडून आतली हवा बदलतो आणि 16 ते 18 अंशांवर चार-पाच दिवसांत रंग येतो.

आता एका जानेवारीतली गोष्ट ऐका. नाशिकच्या दुकानदाराचा फोन आला, 'भाऊ, केळी मऊ झाली, पण पिवळी होईनात, राखाडी दिसताहेत.' सगळ्यांनी चेंबरला दोष दिला. मी नोंदवही पाहिली, तापमान बरोबर होतं. त्याच चेंबरमधली दुसऱ्या बागेची केळी छान पिवळी होती. म्हणजे दोष बाहेरून आला होता.

एका केळ्याची साल नखाने खरवडली, तर खाली तपकिरी रेषा. हा थंडीचा मार. केळं 13 अंशांच्या खाली बराच वेळ राहिलं की सालीतल्या चिकाच्या नळ्या काळवंडतात. हिरव्या केळ्यावर वरून काहीच दिसत नाही, पिकवल्यावरच कळतं. आणि एकदा लागलेला मार कोणत्याही चेंबरमध्ये भरून निघत नाही.

चिठ्ठीवरून बाग सापडली. कापणी संध्याकाळी झाली होती. टेम्पो बिघडला म्हणून 240 पेट्या उघड्या शेडमध्ये रात्रभर राहिल्या. त्या रात्री पारा 8 अंशांवर होता. थप्पीच्या मधल्या पेट्या बचावल्या, पण कडेच्या 60 वाया गेल्या. शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल होता तो. मला अजून वाईट वाटतं, कारण एक ताडपत्री असती तर बराचसा वाचला असता.

तेव्हापासून हिवाळ्यात आपण सकाळीच कापणी करतो, माल त्याच दिवशी हलवतो, आणि चेंबरच्या दारात थप्पीच्या कडेच्या पेटीतल्या एका केळ्यात थर्मामीटरची सुई खुपसून गराचं तापमान बघतो. पेटीला हात लावून अंदाज बांधायचा नाही. पुठ्ठा गरम लागतो, केळं गार असतं."

ग्राहकांनो, हिरवट केळी फ्रिजमध्ये ठेवू नका, ती तिथे नीट पिकत नाहीत. पूर्ण पिवळी झालेली ठेवलीत तर साल काळी पडेल, पण गर चांगला राहतो. आणि माल राखाडी निघाला, तर दुकानदाराकडून पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन आम्हाला पाठवा. बाग आणि कापणीची वेळ त्यावरूनच शोधता येते.