नोझलचा मागचा धक्का आणि हायड्रंटचा दाब: हे आकडे आले कुठून?

होज लावताना नव्या स्वयंसेवकाला दोन आकडे सांगितले जातात: नोझलवर किती दाब असावा आणि तो धरायला किती माणसं लागतील. पहिल्या आकड्याचा उगम 19व्या शतकातल्या एका मैदानी प्रयोगात आहे. दुसऱ्यामागचं गणित त्याहूनही जुनं, 1738 सालचं आहे.

त्या वर्षी डॅनियल बर्नूली यांचा ‘हायड्रोडायनामिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भांड्याच्या भोकातून पाण्याची धार सुटली की भांड्यावर उलट दिशेने जोर पडतो, हे आधीही माहीत होतं. तो जोर नेमका किती, हा प्रश्न होता. सहज वाटतं की भोकाचं क्षेत्रफळ गुणिले दाब. बर्नूलींचं उत्तर याच्या दुप्पट निघालं. धारेचा जोर दर सेकंदाला जाणारं पाणी आणि त्याचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतो, आणि त्या वेगाचा वर्ग दाबाच्या दुप्पट प्रमाणात असतो, म्हणून हे ‘दोन’ येतात. आज शिकवलं जाणारं सूत्र हेच आहे, फक्त सोयीच्या एककांत:

```
F = 0.157 × P × d²
```

यात F न्यूटनमध्ये, P म्हणजे नोझलवरचा दाब बारमध्ये आणि d म्हणजे नोझलच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 0.157 हा आकडा कोणी प्रयोग करून ठरवलेला नाही. वर्तुळाच्या क्षेत्रफळातला π भागिले चार, बर्नूलींचे दोन आणि एककं बदलताना आलेला 0.1, यांचा तो गुणाकार आहे. हे सूत्र सरळ तोंडाच्या, एकसंध धारेच्या नोझलचं.

गणित तयार असूनही दीडशे वर्षं अग्निशमनात त्याचा पद्धतशीर वापर झाला नाही, कारण चांगली धार म्हणजे काय हे कोणी मोजून सांगितलं नव्हतं. ते काम जॉन आर. फ्रीमन या अमेरिकन अभियंत्याने केलं. तो कापड गिरण्यांचा आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी काम करत होता. कोणत्या गिरणीच्या आवारात किती पाणी, किती दाबाने मिळालं तर आग आटोक्यात येईल, हे त्या कंपन्यांना हवं होतं. 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथे त्याने वेगवेगळे होज आणि नोझल लावून धारा सोडल्या, दाब आणि प्रवाह मोजले, आणि 1889 मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेपुढे निबंध मांडला.

त्यातली चांगल्या धारेची व्याख्या मला फार आवडते, कारण ती उभं राहून पाहणाऱ्या माणसाची आहे. धार जिथवर पोचते असं आपण म्हणतो, तिथे ती फुटून तुषार झालेली नसावी. नजरेच्या अंदाजाने नऊ दशांश पाणी 15 इंच, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडावं आणि तीन चतुर्थांश 10 इंचांच्या वर्तुळात. या कसोटीवर लक्षात येतं की दाब वाढवत गेलं की धार कायम चांगली होत नाही. एका मर्यादेपुढे ती हवेतच फुटते आणि नोझल धरणाऱ्यावरचा जोर मात्र वाढत राहतो.

फ्रीमनची प्रमाण धार मिनिटाला 250 गॅलनची, म्हणजे सुमारे 950 लिटरची होती. 28.6 मिमीच्या नोझलवर त्यासाठी तीन बारहून थोडा जास्त दाब लागतो, आणि वरच्या सूत्राने जोर येतो साधारण 400 न्यूटन, म्हणजे 40 किलो. पुढे ब्रिटिश अग्निशमन अधिकारी पॉल ग्रिमवूड यांनी प्रत्यक्ष कामात झेपणारा जोर सांगितला: एका माणसाला 27 किलो, दोघांना 34, तिघांना 43. म्हणजे फ्रीमनची धार ही तिघांची धार.

आता 22 मिमीचं नोझल घ्या. 3.5 बारला ते मिनिटाला 600 लिटर देतं आणि जोर येतो 266 न्यूटन, बरोबर एका माणसाच्या मर्यादेवर. तेवढंच पाणी 7 बारवर चालणाऱ्या फवाऱ्याच्या नोझलमधून काढलं तर जोर 37 किलोच्या आसपास जातो. फवारा बारीक करायला तो दाब लागायचा, म्हणून 20व्या शतकात 7 बार रूढ झाले. पाणी तेवढंच, पण धरायला आता दोघंसुद्धा कमी. कमी दाबाचे फवारे नंतर आले त्याचं कारण हेच.

हा जोर हातावर कुठून येतो तेही पाहायला हवं. होज नोझलमागे सरळ पडलेला असेल तर पुष्कळसा भार जमिनीच्या घर्षणात जातो. नोझलमागे लगेच वळण असेल तर सगळा धक्का त्या वळणावर येतो आणि होज माणसाला बाजूला फेकू पाहतो. पाणी सोडण्याआधी मागचे दोन-तीन मीटर सरळ करून घेणं हे बळापेक्षा जास्त कामाचं.

हायड्रंटच्या बाजूने गोंधळ होतो तो बंद असतानाच्या दाबामुळे. समजा, गेज 6 बार दाखवतो. त्याच 22 मिमीच्या नोझलची एक लाईन सुरू केल्यावर हायड्रंटवर 5 बार उरले आणि 1.5 बार होजमध्ये गेले, तर नोझलवर मिळाले 3.5 बार आणि 600 लिटर. दुसरी तशीच लाईन लावली की 1200 लिटर मिळतील असं वाटतं. पण मुख्य वाहिनीतला दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या 1.85 घाताने वाढतो. हे हेझन आणि विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांनी 20व्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेलं सूत्र. हिशोब केला तर हायड्रंटवर साडेतीन बारहूनही थोडा कमी दाब उरतो, प्रत्येक नोझलला 500 लिटर आणि 2.4 बार. तिसरी लाईन लावली तर एकूण पाणी फक्त 1000 वरून 1200 पर्यंत जातं. हायड्रंट मोजताना 1.4 बार उरलेला दाब ही किमान पातळी धरतात, आणि हायड्रंट तपासणीच्या एनएफपीए 291 या अमेरिकन मार्गदर्शिकेतही क्षमता त्याच दाबाला मांडतात. त्याखाली ओढलं तर वाहिनीत निर्वात तयार होऊन बाहेरचं दूषित पाणी आत शिरायची भीती असते.

दोन लाईन चालू असताना पहिल्या नोझलवरचा जोर 183 न्यूटन, म्हणजे 19 किलो असतो. दुसऱ्याने नोझल फटकन बंद केलं की पहिल्याकडे दाब परत 3.5 बारवर येतो आणि जोर 27 किलो होतो. शिवाय अचानक थांबलेल्या पाण्याच्या धक्क्याने तो क्षणभर आणखी वाढतो. 19 किलोसाठी सैल उभा राहिलेला माणूस तिथे तोल घालवतो. म्हणून लिव्हर सावकाश फिरवायचा, आणि दुसरी लाईन बंद होणार आहे हे पहिल्या नोझलवाल्याला आधी ओरडून सांगायचं.