काकूंचे मिटलेले डोळे आणि मास्कची कड

लग्नाचा ग्रुप फोटो छान आलाय, फक्त काकूंचे डोळे मिटलेत. पुढच्याच फ्रेममध्ये डोळे उघडे आहेत, पण तिथे मामा भलतीकडे बघतायत. मग त्या फ्रेममधला काकूंचा चेहरा या फोटोवर बसवायचा. फोटोशॉपमध्ये चेहरा उचलून ठेवणं सोपं. नाकाचं टोक आणि ओठांचे कोपरे जुळले की झालं. अवघड आहे ती नवा चेहरा जुन्या फोटोला भेटतो ती कड.

कारण आपला डोळा उजेडापेक्षा उजेडातला फरक जास्त टिपतो. दोन छटा जिथे भेटतात तिथे तो फरक वाढवून दाखवतो: उजळ बाजू आणखी उजळ, गडद बाजू आणखी गडद. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच हे नोंदवलं होतं. म्हणून गालावर अगदी थोडा फरक असला तरी रेघ ओढल्यासारखी दिसते.

ही रेघ लपवतो लेअर मास्क. फोटोशॉपमध्ये चित्राचे थर एकावर एक ठेवतात, ते लेअर; लेअर मास्क म्हणजे लेअरला जोडलेलं करड्या छटांचं चित्र. मास्क पांढरा तिथे वरचा चेहरा दिसतो, काळा तिथे खालचा, करडा तिथे दोन्ही मिसळून. खोडरबरासारखं काही पुसलं जात नाही. चुकलं तर पुन्हा पांढरं रंगवायचं.

समजा, काळा ० आणि पांढरा २५५ धरला तर नव्या गालाचा उजळपणा १८० आहे आणि जुन्याचा १६८. सरळ कापलं तर १२ ची पायरी पडते. मास्क ६० पिक्सेलांत पांढऱ्याचा काळा होत गेला, तर दर पिक्सेलला सरासरी फक्त ०.२ चा फरक उरतो. त्यातही उतार एकदम सुरू होऊन एकदम थांबला तर दोन्ही टोकांना पुसट पट्टे भासतात. मऊ ब्रशचा उतार टोकांना हळूहळू विरतो, म्हणून हार्डनेस, म्हणजे ब्रशच्या कडेचा टणकपणा, शून्य ठेवायचा आणि फ्लो, म्हणजे रंग पडण्याचा वेग, १५ टक्क्यांच्या आसपास. त्याआधी कर्व्ह्ज या उजेड आणि रंग बदलायच्या साधनाने दोन्ही गालांची छटा शक्य तितकी जवळ आणलेली बरी. ते टाळून सगळा भार मास्कवर टाकणं हा आळस, आणि तो फोटोत दिसतो.

मग ब्रश खूप मोठाच घ्यावा का? नाही. मिसळणीच्या पट्ट्यात दोन्ही फोटो अर्धे अर्धे दिसतात. तिथे कानातलं किंवा केसांची बट आली की ती दुहेरी, भुतासारखी दिसते. सपाट गालावर पट्टा रुंद हवा, केसांच्या कडेला अगदी अरुंद. जबड्याखालची सावली तर आयती मिळालेली कड. शक्य तिथे मास्क तिच्यावरूनच न्यावा.

आणखी एक खूण १०० टक्के झूमवरच कळते. फोटोत बारीक रवाळपणा असतो. दोन वेगळ्या फ्रेम निम्म्या-निम्म्या मिसळल्या की तो सुमारे ७० टक्क्यांवर येतो आणि तेवढा पट्टा प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. त्यावर थोडा नॉइज वेगळ्या लेअरवर घालावा लागतो.

मात्र एका फ्रेममध्ये फ्लॅश डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून पडला असेल, तर कड कितीही विरघळवली तरी नाकाची सावली चुकीच्या बाजूला राहते. तिथे तिसरी फ्रेम शोधावी.