वर्षअखेर बंद होणारी कंपनी

महाविद्यालयांतल्या उद्योजकता कार्यक्रमांबद्दल एक प्रश्न हमखास येतो : यातून सुरू झालेल्या व्यवसायांपैकी टिकले किती? प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की आधी एक गोष्ट ध्यानात येते. हे कार्यक्रम ज्या साच्यातून आले, त्या साच्यात कंपनी बंद करणं हाच शेवटचा धडा होता.

1919 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था सुरू झाली. दूरध्वनी उद्योगातले थिओडोर व्हेल, कागद कारखानदार होरेस मोझेस आणि सिनेटर मरे क्रेन हे तिचे संस्थापक. तिथून पुढे रूढ झालेली पद्धत आजही जगभर जवळपास तशीच चालते. मुलं मिळून एक छोटी कंपनी काढतात, ओळखीपाळखीच्या लोकांना शेअर विकून भांडवल जमवतात, आपल्यातूनच अध्यक्ष आणि खजिनदार निवडतात, एखादी वस्तू बनवून विकतात. वर्ष संपलं की हिशेब मिटवायचा, भागधारकांचे पैसे परत द्यायचे आणि कंपनी गुंडाळायची. व्यवहार कसा चालतो हे वर्षभरात हाताळून कळावं, एवढाच हेतू. त्या हेतूसाठी ही रचना उत्तम आहे, असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठाच्या पातळीवर सुरुवात 1947 मध्ये झाली. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाखेत माइल्स मेस यांनी नवे उद्योग चालवण्यावर अभ्यासक्रम घेतला आणि पहिल्याच वेळी 188 विद्यार्थी बसले. त्यांतले पुष्कळजण महायुद्धावरून परतलेले होते. वर्गात बसलेला माणूस जग पाहून आलेला होता, हे इथे विसरून चालत नाही. 1960 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी काकीनाडा इथे केलेला प्रयोगही असाच. उद्योजकता शिकवता येते याचा दाखला म्हणून तो नेहमी दिला जातो. पण त्यात प्रशिक्षण घेणारे लोक बव्हंशी आधीपासून धंद्यात असलेले होते. त्यांच्याकडे गिऱ्हाईक होतं, उधारीची वही होती. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं. तरी या प्रयोगांतून आलेला विश्वास पुढे त्याच्याही वर्गापर्यंत पोहोचला.

1984 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा सुरू केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांचं अभिरूप न्यायालय असतं, तसा हा गुंतवणूकदारांपुढचा अभिरूप सामना. स्पर्धेची कल्पना झपाट्याने पसरली आणि तिच्याबरोबर एक बदल आला. आधीच्या साच्यात निदान वस्तू विकावी लागत होती. आता कागदावरचा आराखडा पुरेसा झाला.

हा आराखडा कुठवर नेतो, याची सर्वांत काटेकोर तपासणी ट्युनिशियात झाली. 2009-10 च्या सुमारास तिथल्या पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या प्रबंधाऐवजी व्यवसाय आराखडा सादर करून पदवी घेण्याची मुभा मिळाली. त्यासाठी प्रशिक्षण होतं, स्वतंत्र मार्गदर्शक होता, उत्तम आराखड्यांना बक्षिसाची रक्कमही होती. मुख्य म्हणजे इच्छुकांमधून कोणाला प्रवेश द्यायचा हे सोडतीने ठरलं, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना चोख करता आली. पदवीनंतर साधारण वर्षभराने पाहिलं तेव्हा प्रशिक्षित गटात स्वतःचा व्यवसाय करणारे थोडे जास्त निघाले. वाढ शंभरात जेमतेम काही जणांची होती, आणि एकूण रोजगार वाढलेला नव्हता. काहीजण नोकरीऐवजी धंद्यात गेले, इतकंच. चार वर्षांनी पुन्हा पाहिलं तर तो फरकही उरला नव्हता. मधल्या काळात तिथे क्रांती झाली, अर्थव्यवस्था डळमळली, हे खरं. पण ती झळ दोन्ही गटांना सारखीच लागली होती.

हा फरक का विरला असेल? विद्यार्थ्यांचा ताळेबंद जवळून पाहिला की कारण सापडतं. समजा, चारजणांच्या गटाने वर्षभरात 100 ची विक्री केली. कच्चा माल आणि वेष्टन 60. अहवालात नफा 40 लिहिला जातो आणि टाळ्या पडतात. आता पदवीनंतरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जागा, वीज, इंटरनेट महाविद्यालयाचं होतं, त्याचे 15 धरा. उरले 25. चौघांनी घातलेल्या वेळेची मजुरी अहवालात शून्य होती. तीच मेहनत बाहेर नोकरीत केली असती तर 80 मिळाले असते. म्हणजे नफा नाही, 55 चा तोटा आहे. विकत घेणारे बहुतेक वर्गमित्र, शिक्षक आणि नातेवाईक होते, त्यांनी कौतुकाने एकदा घेतलं. दुसऱ्यांदा मागणी आली का, हा रकाना अहवालात नसतोच. मला विचाराल तर परीक्षकाने सगळ्यात आधी तोच पाहावा. धंदा आपल्या पायावर उभा राहील की नाही, हे अनोळखी गिऱ्हाईक परत येण्यावरून जितकं कळतं, तितकं सादरीकरणावरून कळत नाही.

गट फुटणं हेही नेहमीचं. निकाल लागला की एकाला नोकरी मिळते, एक पुढे शिकायला जातो, आणि कोणाचा किती हिस्सा हे लिहून ठेवलेलं नसतं. उरलेल्या दोघांवर सगळं येतं तेव्हा धंदा वाईट म्हणून नाही, माणसं नाहीत म्हणून बंद पडतो.

नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयाचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच संस्थेच्या एका शहरातल्या शाखेत छोट्या कंपनीचा कार्यक्रम होता, दुसऱ्या शहरातल्या शाखेत नव्हता. वर्षअखेर उद्योजकीय कौशल्यांत ठळक वाढ दिसली नाही, आणि व्यवसाय करायची इच्छा उलट कमी झाली. याला अपयश म्हणायला मी तयार नाही. कर्ज डोक्यावर घेण्याआधीच ‘हे माझं काम नाही’ असं एखाद्याला कळलं, तर त्या वर्षाचं चीज झालं.

उलट बाजूचा पुरावा स्वीडनमधून येतो. तिथे उच्च माध्यमिक शाळेत छोटी कंपनी चालवलेल्या 9,812 जणांची तुलना, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या पण कार्यक्रम न केलेल्या मोठ्या गटाशी झाली, आणि सोळा वर्षांपर्यंतचा काळ पाहिला गेला. या माजी विद्यार्थ्यांनी पुढे कंपन्या काढण्याचं प्रमाण जास्त होतं, व्यवसायातली कमाईही जास्त होती. मात्र त्यांच्या कंपन्या इतरांच्या कंपन्यांपेक्षा जास्त काळ टिकल्या नाहीत. इथे विद्यार्थ्यांची निवड सोडतीने झालेली नव्हती, त्यामुळे मुळात ओढ असलेलेच कार्यक्रमात आले असण्याची शंका पूर्णपणे फिटत नाही. तरीही कार्यक्रमाचं फळ, आलंच तर, उशिरा येतं ही गोष्ट पटण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय सुरुवातीच्या वेळी 45 निघालं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांचं यशाचं प्रमाण बरंच जास्त होतं.

स्वीडनला हे पाहता आलं, कारण तिथे कार्यक्रमाची यादी देशाच्या व्यक्ती आणि कंपनी नोंदींशी जोडता येते. एरवी महाविद्यालयाची फाइल पदवीदानाच्या दिवशी बंद होते. अहवालात लिहिलेले ‘सुरू झालेले व्यवसाय’ त्या दिवसापर्यंतचे असतात आणि त्यांतले बरेचसे पुढच्या सत्रात नसतात. टिकण्याचा हिशेब ठेवायचा असेल तर चोवीस महिन्यांनी प्रत्येक गटाला फोन करून तीन गोष्टी विचाराव्या लागतात : अजून चालू आहे का, त्यातून कोणाचा पगार निघतो का, आणि गेल्या महिन्यात अनोळखी माणसाने काही विकत घेतलं का.