सदस्यमर्यादित ऑनलाइन समूहाची स्थापना

ज्या ऑनलाइन समूहातले लेखन फक्त सदस्यांनाच वाचता येते आणि ज्यात शिरण्यासाठी आमंत्रण, मंजुरी किंवा वर्गणी लागते, त्याला सदस्यमर्यादित समूह म्हणतात. ग्रुप उघडून दोनशे नंबर ॲड करण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. स्थापना म्हणजे त्याआधीचे काम: समूह कशासाठी आहे ते एका वाक्यात ठरवणे, लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी कुणाची ते सांगणे, आणि बोलावलेल्या माणसाला येण्यापूर्वी हे सगळे कळेल असे आमंत्रण देणे. यांतला दुसरा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि पुढची बहुतेक भांडणे तिथूनच निघतात.

या कामाचे सर्वांत बोलके जुने उदाहरण अमेरिकेतल्या ‘द वेल’ या समूहाचे आहे. संपादक स्ट्यूअर्ट ब्रँड आणि डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी तो १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालितो गावातून सुरू केला. ब्रिलियंट हे १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत भारतात काम केलेले डॉक्टर. व्यवस्था अशी ठरली की संगणक आणि सॉफ्टवेअर ब्रिलियंट यांच्या कंपनीने द्यायचे आणि माणसे ब्रँड यांनी जमवायची. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडायचा आणि महिन्याला ८ डॉलर, शिवाय तासाला २ डॉलर मोजायचे, असा तो काळ होता. फोनचे बिल वेगळे. म्हणून सदस्य मुख्यतः आसपासच्याच भागातले होते आणि १९८६ पासून दर महिन्याला कचेरीत त्यांची प्रत्यक्ष मेजवानीही होऊ लागली. दिवसा ज्याच्याशी कडाक्याचे वाजले, तो शुक्रवारी समोर ताट घेऊन उभा असे. वेलच्या टिकण्यात या मेजवान्यांचा वाटा मोठा आहे.

माणसे जमवताना ब्रँड यांनी सरसकट जाहिरात केली नाही. ज्यांच्या बोलण्याने इतरांना थांबावेसे वाटेल अशा काही जणांना आणि पत्रकारांना फुकट प्रवेश दिला. प्रत्येक विषयाच्या दालनाला एक यजमान नेमला. त्यालाही पगार नव्हता, वापराच्या शुल्कात सूट होती. नव्या माणसाचे स्वागत करणे, विषय भरकटला तर वळवणे आणि दोघे हमरीतुमरीवर आले की मध्ये पडणे ही त्याची कामे. ‘यजमान’ हा शब्दच योग्य आहे. आपल्याकडचा ‘ॲडमिन’ हा शब्द दाराची किल्ली कुणाकडे आहे एवढेच सांगतो, आल्यागेल्याचे कोण बघणार ते सांगत नाही. १९८६ मध्ये ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या चाहत्यांसाठी दालन उघडले आणि त्यांच्या गप्पांच्या तासांनी वेलच्या तिजोरीला आधार दिला. त्या चाहत्यांचा समूह आधीपासूनच होता, वेलने त्याला फक्त जागा दिली. नवा समूह काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: जी माणसे आधीच एकमेकांना शोधत आहेत, त्यांच्यासाठी उघडलेली जागा भरते.

वेलचा मुख्य नियम चार-पाच शब्दांचा होता: तुमचे शब्द तुमच्या मालकीचे. ब्रँड यांचा हेतू सुरुवातीला व्यवहारी होता. कुणी कुणाची बदनामी केली तर दावा लिहिणाऱ्यावर व्हावा, चालकांवर नको. पण सदस्यांनी त्याचे आणखी अर्थ काढले. माझे शब्द माझे, तर मला न विचारता ते बाहेर छापता येणार नाहीत. आणि माझे शब्द माझे, तर मी ते परतही घेऊ शकतो. नियमाच्या जोडीला एक व्यवस्थाही होती: टोपणनाव कितीही बदला, त्यामागचे खरे नाव कुणालाही पाहता येई. निनावी लिहिण्याचा एक प्रयोग वेलवर झाला, पण लोक एकमेकांच्या नावाने बोलू लागले आणि तो थोड्याच काळात गुंडाळावा लागला.

शब्द परत घेण्याच्या हक्काची कसोटी १९९० मध्ये लागली. वेलवर आपला मजकूर पुसता येई, फक्त पुसल्याची खूण त्या जागी राही. एका जुन्या, सतत लिहिणाऱ्या सदस्याने आपला कित्येक वर्षांचा सगळा मजकूर एकदम पुसून टाकला. शेकडो संभाषणांत नुसती उत्तरे उरली, प्रश्न गेले. लोक चिडले, बोलले. काही आठवड्यांनी त्याने आत्महत्या केली. पुसणे हा त्याचा हक्क होताच, आणि तरीही त्या पुसण्याकडे नियमभंग म्हणून न बघता माणूस कसा आहे हे विचारायला हवे होते, अशी हळहळ मागे राहिली. स्थापनेच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. सदस्य निघून गेला तर त्याच्या लेखनाचे काय, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावे लागते. आणि एखादा अचानक सगळे पुसून बाहेर पडला, तर त्याला फोन कुणी करायचा तेही ठरलेले असावे.

महाराष्ट्रात हाच जबाबदारीचा प्रश्न न्यायालयात गेला तो व्हॉट्सॲप ग्रुपच्या निमित्ताने. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपमध्ये एका सदस्याने महिला सदस्याविषयी अर्वाच्य भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढले नाही आणि माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे असे की ॲडमिन सदस्य जोडू आणि काढू शकतो, पण कुणी काय लिहावे हे तो आधी तपासू शकत नाही. दोघांचा समान इरादा किंवा पूर्वनियोजित बेत दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणजे शब्द लिहिणाऱ्याचेच. मात्र निकालानंतर ॲडमिनच्या हातातली साधने वाढली आहेत. २०२२ पासून तो दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करू शकतो. निकालाच्या वेळी हे बटण नव्हते. त्यामुळे ‘मला काय करता येणार’ ही ढाल आता पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही, आणि कोणता मजकूर किती वेळात काढणार हे नियमांत लिहिलेले बरे.

हे सगळे एका नमुन्यावर बसवून पाहता येईल. समजा, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा मराठी ग्रुप काढायचा आहे. या मुलांना रोज, आयुष्यभर इन्सुलिन घ्यावे लागते. शाळेत इंजेक्शन कोण देणार, सहलीला औषध थंड कसे ठेवायचे, वाढदिवसाच्या केकचे काय करायचे, हे प्रश्न दवाखान्याच्या दहा मिनिटांत मावत नाहीत. ‘मधुमेहाविषयी माहिती’ हा उद्देश इथे कुचकामी ठरेल, कारण त्यात आजोबांची गोळी आणि मेथीचे पाणी दोन्ही शिरतील. उद्देश असा हवा: ‘टाइप १ असलेल्या मुलांना घरी आणि शाळेत सांभाळण्याचे अनुभव पालकांनी पालकांना सांगणे.’ उद्देश नीट लिहिला आहे का, याची परीक्षा सोपी आहे. काय येणार नाही ते त्यावरून सांगता आले पाहिजे. इथे डॉक्टर, विक्रेते आणि मोठ्यांचा मधुमेह हे तिन्ही आपोआप बाहेर राहतात.

नियम चार पुरतात, पण प्रत्येकाचे कारण सोबत हवे. इन्सुलिनचा डोस कुणी कुणाला सुचवायचा नाही, कारण एका मुलाला योग्य असलेली मात्रा दुसऱ्या मुलाची साखर धोकादायक खाली नेऊ शकते. साखर ७० च्या खाली गेली असेल तर आधी डॉक्टरांनी शिकवलेला उपाय, मग डॉक्टरांना फोन, ग्रुपवर लिहिणे त्यानंतर. रात्री दोनला ग्रुप जागा असेलच असे नाही. ‘मुळापासून बरे करणारे’ काढे आणि त्यांचे फॉरवर्ड लगेच काढले जातील, कारण अशा भरवशावर इन्सुलिन थांबवले तर मुलाच्या जिवावर बेतते. आणि मुलाचा फोटो, नाव, शाळा किंवा स्क्रीनशॉट ग्रुपबाहेर जाणार नाही, कारण ते मूल उद्या मोठे होणार आहे. सुप्रभातच्या फुलांवर पाचवा नियम करायचा मोह होतो. तो टाळावा. ज्याने फूल टाकले त्याला खासगीत एक ओळ लिहिली की काम होते, आणि चारचौघांत ऐकवल्याने माणूस दुखावतो.

मग आमंत्रण. ओळखीच्यांना न विचारता ॲड करणे हा आपल्याकडचा रूढ प्रकार आहे, आणि ग्रुप सोडल्याचे ॲडमिनला कळू नये म्हणून म्यूट करून पडून राहणे हे त्याचे फळ. इथे तर आणखी एक अडचण आहे: व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. म्हणजे ॲड करणे हेच त्या घरातला आजार परक्यांना सांगणे ठरते. म्हणून आधी वैयक्तिक निरोप, आणि होकारानंतरच लिंक. निरोप काहीसा असा असावा:

‘ताई, नमस्कार. तुमची ओळख आपल्या क्लिनिकमध्ये झाली होती. टाइप १ असलेल्या मुलांच्या आम्ही आठ पालकांनी एक छोटा ग्रुप केला आहे. शाळा, डबा, प्रवास, रात्रीची साखर अशा गोष्टी आम्ही एकमेकांना विचारतो. डोसविषयी सल्ला देत नाही आणि काही विकत नाही. ग्रुपमध्ये तुमचा नंबर इतरांना दिसेल, म्हणून आधी विचारते आहे. चार नियम खाली दिले आहेत. वाचून यावेसे वाटले तर कळवा, लिंक पाठवते. आत्ता नको वाटले तरी काही हरकत नाही, नंतर केव्हाही सांगा.’

या निरोपातले ‘आठ पालक’ महत्त्वाचे आहेत. आमंत्रणे निघण्याआधी आठ-दहा जण दोन-तीन आठवडे खरोखर बोलत असले पाहिजेत, कारण रिकाम्या खोलीत बोलावलेला माणूस दुसऱ्यांदा डोकावत नाही. नवे सदस्यही आठवड्याला चार-पाचच घ्यावेत. प्रत्येकाचे नाव घेऊन स्वागत करावे आणि उत्तर देता येईल असा एखादा साधा प्रश्न विचारावा: मूल कितवीत आहे, डब्यात काय नेते. ग्रुप आजारी पडल्याची खूण भांडण नसते. प्रश्न येतो आणि उत्तर फक्त ॲडमिनच देतो, असे सलग काही दिवस घडले की समजावे, समूह उरला नाही, चौकशी खिडकी झाली आहे. अशा वेळी ॲडमिनने मुद्दाम थांबावे, आणि ज्या आईने तो प्रसंग निभावला आहे तिला खासगीत सांगून तिथे बोलते करावे.

वेल १९९९ मध्ये एका माध्यम कंपनीने विकत घेतले. त्या कंपनीने २०१२ मध्ये ते विकायला काढल्यावर जुन्या सदस्यांनीच वर्गणी काढून कंपनी स्थापन केली आणि समूह विकत घेतला. तुमचे शब्द तुमच्या मालकीचे, हा नियम त्यांनी तसाच ठेवला.