पिवळं अक्षर पाच मीटरवर कुठे जातं?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचा मोसम सुरू झाला की अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भडक रंगाचा द्या हो, लांबून दिसला पाहिजे." मग चार्ट पेपर, मार्करचा सेट, घोटीव कागद आणि चमकीची लेस असा ऐवज पिशवीत पडतो. मागणीत गैर काहीच नाही, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. भडक रंग नजर ओढतो, एवढंच त्याचं काम. अक्षर वाचता येण्यासाठी लागते ती कागद आणि शाई यांच्या उजळपणातली तफावत. ही तफावत नसेल तर रंग कितीही भडक असोत, दर्शक लांबूनच पुढच्या टेबलाकडे वळतो.

समजा, आठवीतल्या एका गटाचा विषय आहे 'मुठेच्या पाण्यातला ऑक्सिजन'. पांढरा चार्ट, शीर्षक पिवळ्या मार्करने, मजकूर निळ्याने, त्यातले महत्त्वाचे शब्द काळ्याने आणि चहूबाजूंनी निऑन गुलाबी नागमोडी बॉर्डर. टेबलावर ठेवून पाहिला तर तक्ता छान दिसतो. सभागृहात पाच मीटरवरून मात्र गुलाबी चौकट दिसते, आत काळपट ओळी दिसतात आणि शीर्षकाच्या जागी जवळजवळ कोरा कागद. निळ्या-काळ्यातला फरकही गेलेला. पिवळं शीर्षक आणि निळ्या-काळ्यातला फरक, या दोन्ही गोष्टी घालवणारं कारण एकच आहे आणि ते आपल्या डोळ्यात आहे.

डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात, हे शाळेत झालेलं असतं. त्या तीन प्रकारच्या. सोयीसाठी त्यांना लाल, हिरव्या आणि निळ्या म्हणू, जरी पहिल्या दोघींची संवेदनशीलता बरीचशी एकमेकींवर चढलेली असली तरी. शाळेत सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की या तिघींची संख्या सारखी नसते. निळ्या पेशी दहातली एकसुद्धा भरत नाहीत. आणि बारीक आकार, कडा, अक्षरांची वळणं ओळखण्याचं काम मेंदू मुख्यतः लाल आणि हिरव्या पेशींकडून आलेल्या संकेतांच्या बेरजेवर करतो. 'उजळ' आणि 'गडद' म्हणतो ते जवळपास या बेरजेचंच नाव. निळ्या पेशींचा त्यात वाटा नगण्य.

आता पिवळी शाई काय करते ते पाहा. पांढरा कागद सगळे रंग परत पाठवतो. पिवळी शाई त्यातला फक्त निळा प्रकाश गिळते, लाल आणि हिरवा तसाच सोडते. म्हणजे लाल आणि हिरव्या पेशींना पिवळ्या अक्षराकडून जेवढा प्रकाश मिळतो, जवळपास तेवढाच शेजारच्या कोऱ्या कागदाकडून मिळतो. त्यांच्या लेखी तिथे अक्षरच नाही. फरक कळतो तो एकट्या निळ्या पेशींना, आणि त्या मुळातच विरळ.

इतकंच असतं तरी भागलं असतं. पण आपण ज्या बिंदूने वाचतो, म्हणजे दृष्टिपटलाचा अगदी मध्य, तिथे निळ्या पेशी नसतातच. डोळ्यापाशी होणाऱ्या कोनात मोजली तर ही जागा अंशाच्या साधारण एक तृतीयांश एवढी. पाच मीटरवर ती किती मोठा भाग झाकते? हिशेब केला तर सुमारे तीन सेंटिमीटर. चार्टवरच्या शीर्षकाचं एक अक्षर साधारण तेवढंच असतं! म्हणजे पाच मीटरवर उभं राहून तुम्ही एका अक्षरावर नजर रोखता, तेव्हा ते अख्खं अक्षर डोळ्याच्या अशा ठिपक्यावर पडतं जिथे निळं ओळखणारं कोणी हजर नाही. १९४५ साली विल्मर आणि राइट या संशोधकांनी नेमका हा प्रकार मोजून दाखवला होता. नजरेच्या मध्यभागी इतका लहान रंगीत ठिपका दाखवला की एरवी उत्तम रंगदृष्टी असलेल्या माणसालाही तिथले सगळे रंग जुळवायला तीनऐवजी दोनच मूळ रंग पुरतात.

मग आपल्याला नजरेच्या मध्यावर भोक का दिसत नाही? कारण मेंदू आजूबाजूचा रंग तिथे भरून घेतो आणि डोळेही सतत बारीक हलत असतात. रंगाचा सर्वसाधारण भास टिकतो, पण अक्षराची कड अशी भरून काढता येत नाही. आणि निसर्गाने मध्यावर निळ्या पेशी ठेवल्या का नाहीत, याचं एक पटणारं कारण भिंगात आहे. डोळ्याचं भिंग सगळे रंग एकाच जागी एकवटत नाही. पिवळा-हिरवा प्रकाश दृष्टिपटलावर नेमका पडलेला असतो तेव्हा निळा थोडा अलीकडेच एकवटतो, म्हणजे निळी प्रतिमा तशीही धूसरच. धूसर प्रतिमेसाठी सर्वात मोक्याची जागा कोण अडवेल?

निळ्या-काळ्याचं गणित याच्या उलट. गडद निळी शाई फक्त निळा प्रकाश परत पाठवते, लाल-हिरव्या पेशींना जवळपास काहीच मिळत नाही. त्यामुळे पांढऱ्यावर गडद निळं उत्तम वाचता येतं, जवळजवळ काळ्याइतकं. पण म्हणूनच लांबून ते काळंच वाटतं. निळ्या परिच्छेदात काळ्याने उठवलेला शब्द पाच मीटरवर उठत नाही. तिथे लाल वापरावा. लाल शाई पांढऱ्यावर पुरेशी गडदही असते आणि लाल-हिरव्या पेशींच्या नजरेत निळ्याहून वेगळीही. नारिंगी मात्र नको, ती पिवळ्याचीच बहीण. हायलायटरने अक्षरं तर काढूच नयेत. तो पिवळाच आहे, फक्त झगझगीत. काळ्या अक्षरामागे पट्टा म्हणून ओढला तर मात्र काळ्याचं काहीच बिघडत नाही.

याच कारणाने पिवळा चार्ट आणि काळा मार्कर ही जोडी पांढऱ्या-काळ्याला फारशी हार जात नाही. पिवळ्या कागदाने निळा प्रकाश गमावलेला असतो, आणि वाचणाऱ्या डोळ्याला तो नकोच होता. फ्लोरोसंट पिवळा तर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचं रूपांतर पिवळ्या-हिरव्यात करून तो बाहेर टाकतो, म्हणून तो आतून पेटल्यासारखा दिसतो. त्यावर काळं अक्षर झकास उठतं. 'पिवळ्या रंगाने स्मरणशक्ती वाढते, परीक्षकांना तक्ता लक्षात राहतो' असे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्याची मात्र इथे काही गरज नाही. परीक्षकाला आधी वाचता तर येऊ दे.

दुकानात आणखी एक गोष्ट विसरली जाते. साध्या मार्करची शाई पारदर्शक असते. ती कागदाचा रंग झाकत नाही, त्यातला आणखी थोडा प्रकाश गिळते. म्हणून आकाशी चार्टवर पिवळा मार्कर फिरवला की हिरवट रेघ उमटते, आणि गडद निळ्यावर लाल फिरवला की काळपट. मार्कर कागदाला फक्त गडद करू शकतो, उजळ कधीच नाही. गडद चार्टवर फिकं अक्षर हवं असेल तर पोस्टर कलर, पांढरा पेंट मार्कर किंवा घोटीव कागदातून कापलेली अक्षरं हाच मार्ग. काळ्या चार्टवर पांढरी अक्षरं फार छान दिसतात, पण 'शुभकार्याला काळं नको' म्हणून घरून विरोध होतो. प्रदर्शनाच्या आसपासच संक्रांत येते, तेव्हा तीच मंडळी हौसेने काळ्या साड्या नेसतात, हे त्यांना सांगून पाहावं.

हिरव्या चार्टवर लाल घोटीव अक्षरं चिकटवायची टूम जुनी आहे. दोन्ही रंग ठसठशीत, पण बरेचदा उजळपणा सारखा. अशा वेळी अक्षराच्या कडा थरथरल्यासारख्या वाटतात आणि डोळा तिथे ठरत नाही. शिवाय दर शंभर मुलग्यांत काहींना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट कळत नाही. त्यांच्यासाठी तो तक्ता अवघड कोडंच.

रंग जमले तरी अक्षर किती मोठं हा प्रश्न उरतोच. चांगल्या डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील कसाबसा दिसतो. पाच मीटरवर तो दीड मिलिमीटर होतो. ही झाली मर्यादा. सहज वाचायला त्याच्या दुप्पट-तिप्पट हवं. देवनागरीत 'घ' आणि 'ध', किंवा 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर उभा असतो, ती फट चार मिलिमीटर तरी ठेवा. रेघ तेवढीच जाड आणि अक्षर तीन सेंटिमीटर उंच. याला तिरक्या टोकाचा जाड मार्कर लागतो, स्केचपेन नाही. मात्रा आणि उकार धरून एका ओळीला सहा सेंटिमीटर जातात. नेहमीचा चार्ट ५६ बाय ७१ सेंटिमीटरचा, म्हणजे उभ्या चार्टवर समास सोडून जेमतेम दहा ओळी. सगळा मजकूर लांबून वाचता यावा हा हट्ट त्यामुळे सोडावाच लागतो. आपल्या गटाने शीर्षक आणि एक निष्कर्ष तेवढा पाच मीटरसाठी लिहावा. बाकीचं जवळ आलेल्या माणसासाठी, दीड मीटरवर एक सेंटिमीटरचं अक्षर आणि स्केचपेनची रेघ पुरते.

बॉर्डरचं काम चार्ट आणि मागचं कापड वेगळं दाखवणं एवढंच आहे. मागे पांढरी चादर असेल तर गडद, सरळ, अरुंद पट्टी. मागे मांडवाचं गडद कापड असेल तर फिक्या चार्टला बॉर्डर नसली तरी चालते. निऑन नागमोडीचा तोटा असा की तिच्याजवळची अक्षरं तिच्या वळणांत मिसळतात. काठालगतची अक्षरं नजरेच्या कडेला पडतात आणि तिथे डोळा जवळजवळच्या आकारांना वेगळं काढू शकत नाही. म्हणून बॉर्डर आणि मजकूर यांच्यात चार-पाच सेंटिमीटर कोरी जागा हवीच.

पूर्ण चार्ट लिहिण्याआधी त्याच कागदाच्या कपट्यावर त्याच मार्करने 'घ ध भ म' लिहा, भिंतीला चिकटवा आणि मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत अक्षर राखाडीत मिसळलं तर ती जोडी बाद. फ्लोरोसंट रंगांना कॅमेरा कधी कधी फसतो, त्यांच्यासाठी स्वतः पाच मीटर मागे जाऊन पाहिलेलं बरं. हे शक्यतो सभागृहातल्याच उजेडात करावं. आणि चार्ट लॅमिनेट केला असेल किंवा अक्षरं घोटीव कागदाची असतील तर तो टांगताना वरची कड थोडी पुढे झुकवा, म्हणजे छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाचणाऱ्याच्या डोळ्यात न जाता जमिनीकडे जाईल.