ऑटोक्लेव्हला न जुमानणारं प्रथिन

“प्रायॉन म्हणजे चिवट विषाणूच ना? मग शस्त्रक्रियेची अवजारं ऑटोक्लेव्ह केली की मरेलच!” पुण्यातल्या एका परिचारिकेचा प्रश्न.

नाही, ताई. विषाणूत जनुकीय द्रव्य असतं, प्रायॉनमध्ये ते नसतंच. मेंदूतलं आपलंच प्रथिन चुकीची घडी घेतं आणि निरोगी प्रथिनांनाही तशीच घडी घ्यायला लावतं. ही घट्ट घडी ऑटोक्लेव्हमधल्या नेहमीच्या दाबाखालच्या वाफेनं पुरती मोडत नाही. फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण, तर ती उलट पक्की करतं.

झुरिकमधला प्रकार १९७७ साली प्रसिद्ध झाला. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या प्रायॉनच्या आजाराच्या रुग्णाच्या मेंदूत वापरलेले इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेनं निर्जंतुक केले होते. तरीही अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांना त्यांतून तोच आजार झाला.

म्हणून संशयित रुग्णाची अवजारं वाळू न देता तासभर कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडवतात, धुतात, मगच ऑटोक्लेव्ह करतात. शक्य असेल तर जाळूनच टाकावीत.