संकेंद्रित घटक गृहीतक

विद्युत मंडलातील रोधक, धारित्र व प्रवर्तक यांच्या क्रिया त्या त्या घटकाच्या आतच घडतात आणि त्यांना जोडणाऱ्या तारांत काहीही घडत नाही, असे मानण्याला संकेंद्रित घटक गृहीतक म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात अशा मंडलाला सरळ ‘लम्प्ड’ मंडल म्हटले जाते. गुस्टाव्ह किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेले प्रवाहाचा आणि व्होल्टेजचा हे दोन्ही नियम बदलत्या प्रवाहाला लावताना याच गृहीतकाचा आधार घ्यावा लागतो. संधीबिंदूत येणारा प्रवाह तेवढाच बाहेर पडतो, तो तेथे विद्युतभार साठत नसेल तरच. आणि बंद वाटेवरील व्होल्टेजची बेरीज शून्य येते, ती त्या वाटेने वेढलेले चुंबकीय क्षेत्र बदलत नसेल तरच. मंडल तरंगलांबीच्या मानाने फार लहान असले की या अटी पुरेशा पाळल्या जातात. ५० हर्ट्झला हवेतील तरंगलांबी ६,००० किमी असल्याने घरातील वायरिंगमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी ५० ओहमची कोअॅक्सियल केबल २ मीटर लांब घेऊन तिचे दूरचे टोक उघडे ठेवल्यास मर्यादा नेमकी दिसते. या केबलमध्ये तरंग सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो आणि तिची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, म्हणून संकेंद्रित दृष्टीने ती २०० पिकोफॅरडचे धारित्र ठरते. २.५ मेगाहर्ट्झला हे धारित्र ३१८ ओहमचा अडथळा दाखवील. केबलचा खरा अडथळा ३१६ ओहम असतो. १० मेगाहर्ट्झला केबल तरंगलांबीचा दहावा भाग होते, तेव्हा हिशेब ८० ओहम सांगतो आणि प्रत्यक्षात सुमारे ६९ ओहम मिळतात. ‘दहाव्या भागापर्यंत चालते’ हा रूढ नियम तसा सैलच आहे. २५ मेगाहर्ट्झला मात्र केबल पाव तरंगलांबीची होते. धारित्राच्या हिशेबाने ३२ ओहम अपेक्षित असताना सुरुवातीचे टोक जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखे वागते, कारण उघड्या टोकावरून परतलेला तरंग तेथे उलट्या कलेत पोहोचतो. ऑसिलोस्कोपवर सुरुवातीला व्होल्टेज जवळपास शून्य आणि उघड्या टोकाला भरपूर दिसते. प्रवाहाचे याच्या उलट. एकाच अखंड तारेच्या दोन टोकांचे प्रवाह वेगळे असतील, तर ती तार एक संधीबिंदू मानता येत नाही. मधला फरक तारेवर जागोजागी साठणाऱ्या व ओसरणाऱ्या विद्युतभाराचा असतो.

यावर उपाय म्हणून तारेचे तरंगलांबीच्या मानाने अगदी छोटे तुकडे कल्पून प्रत्येकाला स्वतःचे प्रवर्तन व धारिता दिली जाते. अशा तुकड्यावर किरखोफचे नियम पुन्हा लागू होतात. ऑलिव्हर हेविसाइड यांची तारेवरील प्रवाहाची समीकरणे हे तुकडे शून्याकडे नेल्यावर मिळतात. शेकडो किलोमीटरच्या पारेषण वाहिन्यांसाठी ५० हर्ट्झलाही तीच वापरावी लागतात.